पट्टी केशरी, पण कव्हर आहे की नाही? विम्याच्या अ‍ॅपचा 14 महिन्यांचा अनुभव

घरातल्या सगळ्या पॉलिशा एका जागी दिसाव्यात म्हणून गेल्या वर्षी हे अ‍ॅप घेतलं. पावत्या सापडतात, कराच्या वेळचं प्रमाणपत्र एका मिनिटात निघतं, अ‍ॅप हँग होत नाही. जुलैपर्यंत मी लोकांना आपणहून सुचवत होतो. माझं भांडण आहे ते फक्त एका पट्टीशी, आणि त्या पट्टीपायी माझे 84 हजार गेलेत, त्यामुळे बाकीचं कौतुक इथेच आटोपतो.

हप्त्याची तारीख उलटली की पॉलिसीच्या नावाखाली केशरी पट्टी येते: ‘ग्रेस पिरियड, इतके दिवस शिल्लक’. दिवस संपले की पट्टी राखाडी होते आणि ‘लॅप्स्ड’ लिहून येतं. मुलालाही कळेल इतकं सोपं. आणि तिथेच गोची आहे.

मार्चमध्ये पगार उशिरा झाला आणि माझ्या टर्म प्लॅनचा 1,460 चा मासिक हप्ता चुकला. पट्टी केशरी झाली, 15 दिवस दिसले. घाबरून कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडच्या मुलीने नीट सांगितलं, ‘सर, ग्रेसमध्ये कव्हर चालू असतं. काही झालंच तर थकलेला हप्ता वजा करून बाकी सगळी रक्कम वारसाला मिळते.’ हे अगदी बरोबर आहे. आयुर्विम्यात मासिक हप्त्याला 15 दिवस, तिमाही-सहामाही-वार्षिकला 30 दिवस मिळतात आणि तेवढे दिवस जोखीम कंपनीच्या अंगावर असते. मी निर्धास्त झालो. केशरी म्हणजे उशीर झालाय पण कव्हर आहे, हे डोक्यात पक्कं बसलं.

आता जुलै. आईची आरोग्य पॉलिसी, 5 लाखांची, चार वर्षं एकही क्लेम नाही. मुदत 8 जुलैच्या मध्यरात्री संपत होती. ऑटो-पे लावलेला, म्हणून मी बघितलंही नाही. पण या वर्षी आई वयाच्या पुढच्या टप्प्यात गेली आणि हप्ता 28,600 वरून 33,100 झाला. मी मँडेट देताना कमाल मर्यादा 30,000 टाकली होती. मर्यादेबाहेरची रक्कम बँक कापत नाही, त्यामुळे व्यवहार परत गेला. दहा तारखेला मी अ‍ॅप उघडलं तर तीच ओळखीची केशरी पट्टी. म्हटलं, अजून महिना आहे, एक तारखेला पगारातून भरू. एवढी मोठी रक्कम महिन्याच्या मधेच काढायची माझ्या जिवावर येते, हेही खरंच.

13 जुलैला सकाळी आई मागच्या दारी पावसाने निसरड्या झालेल्या फरशीवर पडली. मनगट मोडलं, प्लेट टाकावी लागली. हॉस्पिटलच्या विमा काउंटरवर कार्ड दिलं, त्याने संगणकात बघितलं आणि म्हणाला, ‘पॉलिसी अ‍ॅक्टिव्ह नाहीये.’ मी मोबाईल पुढे केला, पट्टीवर 26 दिवस शिल्लक! तिथेच उभ्या उभ्या 33,100 भरले, पट्टी हिरवी झाली. तरी कॅशलेस नाकारलं आणि पुढे क्लेमही नाकारला. कारण अपघात पैसे भरायच्या आधीचा.

तीन आठवडे मी भांडलो. स्क्रीनशॉट पाठवले, तक्रार क्रमांक गोळा केले. शेवटी तक्रार विभागातल्या एका गृहस्थांनी पॉलिसीच्या पुस्तिकेतलं कलम वाचून दाखवलं आणि मला गप्प बसावं लागलं. वार्षिक आरोग्य पॉलिसीत ग्रेसचे 30 दिवस हे कव्हरचे नसतातच. त्या दिवसांत पैसे भरले तर पॉलिसी ‘सलग’ धरतात, एवढंच. जितके दिवस हप्ता आलेला नाही, तितक्या दिवसांतलं आजारपण किंवा अपघात तुमच्या खिशातून.

म्हणजे एकाच अ‍ॅपमध्ये, एकाच रंगात, एकाच शब्दांत दोन उलटे अर्थ! टर्मच्या पट्टीचा अर्थ ‘कव्हर आहे’, आईच्या पट्टीचा अर्थ ‘कव्हर नाही’. पट्टीखाली ‘या काळात क्लेम मिळणार नाही’ अशी एक ओळ टाकायला यांना काय धाड भरली होती?

आणखी एक गोष्ट त्या गृहस्थांनी सांगितली, ती ऐकून मी कपाळावर हात मारला. आरोग्य विम्याचा हप्ता वर्षभरात तुकड्या-तुकड्याने भरणाऱ्यांना ग्रेसमध्येही कव्हर मिळतं, 2024 पासून तसा नियमच आहे. मासिक भरलं तर वर्षाला नऊशे-हजार जास्त पडतात म्हणून मी हट्टाने वार्षिक घेतलं होतं. हजार वाचवले!

इथे मला माझं मत थोडं बदलावं लागतंय. रागाच्या भरात एक स्टार दिला होता, तो तीन केलाय. कारण नंतर हिशेब मांडला तर 30 दिवस उलटून पट्टी राखाडी झाली असती तर 84 हजार किरकोळ वाटले असते. आईला मधुमेह आहे. त्याच्यावरचा क्लेम मिळायला 36 महिने थांबावं लागतं, ती प्रतीक्षा आम्ही गेल्या वर्षी पार केली. लॅप्स झाल्यावर नवीन प्रस्ताव द्यावा लागला असता, आताच्या वयाने आणि आताच्या तब्येतीने, कंपनी घेईल का ही धास्ती वेगळी. घेतलंच तर प्रतीक्षा शून्यापासून सुरू. क्लेम न केल्याचा दरवर्षी 10 टक्के बोनस साठून 5 लाखांचं कव्हर 7 लाख झालं होतं, ते वरचे 2 लाख गेले असते. आणि 60 महिने सलग झाले की फसवणूक सोडून दुसऱ्या कारणाने, ‘आधीचा आजार लपवला’ म्हणून, कंपनीला क्लेम अडवता येत नाही. त्यातले 48 महिने झालेत. तेही पुसले गेले असते. यातलं एक अक्षर राखाडी पट्टीवर नसतं. तिथे असतं फक्त ‘लॅप्स्ड’.

आयुर्विम्याच्या राखाडी पट्टीवर तर ‘रिवाइव्ह’चं झकपक बटण असतं. माझ्या मेहुण्याचा टर्म प्लॅन चार महिने बंद होता. टर्ममध्ये लॅप्स म्हणजे भरलेल्यातलं काही परत नाही आणि कव्हरही नाही. त्याने बटण दाबलं, थकबाकी आणि व्याज दिसलं, आणि खाली एक चौकोन: ‘माझी प्रकृती उत्तम आहे’. तो टिक करणारच होता. मी म्हटलं, ‘दाजी, थांबा, एप्रिलमध्ये तुमचं बीपी निघालंय ना?’ तो चौकोन म्हणजे तब्येतीचं प्रतिज्ञापत्र असतं. आणि विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे कंपनी ज्या तीन वर्षांत पॉलिसीवर प्रश्न उठवू शकते, ती पुनरुज्जीवनाच्या तारखेपासून पुन्हा मोजली जातात. सहा वर्षं जुनी पॉलिसी त्या बाबतीत कालची होते. दाजींनी बीपी लिहिलं, तपासणी झाली, हप्ता थोडा वाढला. ताईने मला तेव्हापासून दोनदा वाढीव हप्त्याबद्दल ऐकवलंय.

अ‍ॅप अजून ठेवलंय. मँडेटची मर्यादा 50,000 केली आणि आईच्या पॉलिसीचं टोपणनाव बदललं. अ‍ॅपमध्ये ती सोय आहे. आता पट्टीच्या वर ठळक दिसतं: ‘आई – तारीख उलटली की कव्हर नाही’.