'5वी ब' नावाचे दोन ग्रुप: नाव कशावरून ठेवायचं?

व्हॉट्सॲपवर शाळेच्या एका वर्गाचे बहुतेक दोन ग्रुप असतात. एकात वर्गशिक्षिका असतात, दुसऱ्यात नुसते पालक. पहिल्यावर सूचना येतात, दुसऱ्यावर 'आज गणिताचा गृहपाठ काय होता हो?' हा रोजचा प्रश्न आणि अधूनमधून बाईंबद्दलची कुरकुर. ही कुरकुर चुकून पहिल्या ग्रुपवर गेली की काय होतं, हे मी एकदा अनुभवलंय. मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायला मला दोन मिनिटं लागली. तेवढ्यात बाईंचा अंगठा येऊन गेला होता.

आमच्या ग्रुपची नावं तेव्हा '5वी ब पालक' आणि '5वी ब पालक-शिक्षक' अशी होती. वाचायला दोन्ही सरळ. पण फोनवर आपण नाव वाचत नाही, त्याचा आकार ओळखतो आणि बोट टेकवतो. दोन्हींची सुरुवात शब्दन् शब्द सारखी, फरक काय तो शेवटी. व्हॉट्सॲपला ग्रुपचं नाव 100 अक्षरांपर्यंत चालतं, पण यादीत किंवा नोटिफिकेशनमध्ये त्यातलं सुरुवातीचंच दिसतं, पुढे तीन टिंबं. '5वी ब पालक-शिक्षक सूचना व अभ्यास' असं भारदस्त नाव ठेवलंत, तरी कामाचा शब्द टिंबांत जायची भीती असतेच.

आता पर्याय. पहिला, सभासदांवरून नाव: '5वी ब पालक'. कोण आहे ते कळतं, कशासाठी ते कळत नाही. त्यामुळे वाढदिवसाच्या शुभेच्छा, विनोद, वर्गणी, सगळं तिथेच येतं आणि कोणाला टोकताही येत नाही, कारण नावाने कुठलीच हद्द घातलेली नसते.

दुसरा, कामावरून नाव: '5वी ब सूचना'. इथे गप्पा आपोआप कमी होतात. पण सूचना देतंय कोण, ऐकतंय कोण, हे झाकलेलं राहतं. बाई त्यात आहेत की नाहीत? मुख्याध्यापक? सहा महिन्यांनी सामील झालेल्या पालकाला हे नावावरून कळणार नाही, आणि सभासदांची यादी उघडून बघतो कोण! तिथेही निम्मे नुसते नंबर असतात. सहलीसारख्या चार दिवसांच्या ग्रुपला मात्र कामाचंच नाव बरं. 'सहल 12 जाने' म्हटलं की तारीख उलटल्यावर ग्रुप बंद करायची आठवणही त्यातच येते.

तिसरा, आणि माझं मत यालाच, फरक सांगणारा शब्द सगळ्यात पुढे:

बाईंसह 5वी ब – सूचना
फक्त पालक 5वी ब – गप्पा

पहिल्याच शब्दाला सभासद कळतात, शेवटी काम. शेवट टिंबांत गेला तरी बिघडत नाही, कारण चुकलं तर महागात पडणारी गोष्ट पुढे आहे. कोणता शब्द पुढे घ्यायचा, याला माझी एकच कसोटी: या ग्रुपवरचा मेसेज चुकून दुसऱ्यावर गेला, तर तो कोणी वाचलेला नको? ती व्यक्ती जिथे आहे, तिथे तिचा उल्लेख आधी.

याची अडचणही आहे. 'फक्त पालक' हे वचन आहे, ते खरं ठेवावं लागतं. आमच्याच वर्गात एका मुलाची आई त्याच शाळेत शिकवते. ती पालक म्हणून ग्रुपमध्ये हक्काने आहे, पण नाव वाचून मोकळेपणाने लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसतं. अशा वेळी 'बाई नाहीत' असं काही नावात घालू नये. ग्रुपच्या वर्णनात एक ओळ लिहावी आणि तिलाही आधी विचारावं.

इमोजीने फरक करायचा पर्याय मला अर्धाच पटतो. पुढे 📢 लावलं की ग्रुप चटकन सापडतो, पण त्यातून सभासद कळत नाहीत. लिपीचं मात्र आधी ठरवा. नाव देवनागरीत आणि शोधणारा रोमनमध्ये टाइप करणारा असेल, तर त्याला ग्रुप सापडणार नाही. एखाद्या माणसाचं नाव आपण आपल्या फोनमध्ये हवं तसं सेव्ह करतो, तशी सोय ग्रुपला नाही. एकाने ठेवलेलं नाव सगळ्यांना दिसतं.

म्हणूनच नाव बदलायचा अधिकार ॲडमिनपुरता ठेवा. नाहीतर तो मुळात सगळ्यांना असतो, आणि कोणीतरी हौसेने '5वी ब धमाल' करून ठेवतं. जूनमध्ये वर्ग बदलला की '5वी'चं '6वी' ॲडमिननेच करावं. पण बाई बदलल्या असतील, तर त्याआधी जुन्या बाईंना ग्रुपमधून निरोप द्यायला विसरू नका.