केकचा धंदा घरून: रजिस्ट्रेशन की लायसन्स?

केक घरून विकायचे तर FSSAI चं, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, रजिस्ट्रेशन पुरतं की लायसन्स लागतं हे टर्नओव्हरवर ठरतं, आणि बऱ्याच जणी इथेच चुकतात, टर्नओव्हर म्हणजे नफा नाही हो, वर्षभराची एकूण विक्री. त्यांच्या २०११ च्या नियमांत रजिस्ट्रेशनची सीमा १२ लाखांची आहे. महिन्याला ८५ हजारांचे केक विकले तर वर्षाचे १० लाख २० हजार, मग बटर-क्रीमचा खर्च जाऊन हातात कितीही उरो, रजिस्ट्रेशन चालतं. फॉर्म ए, फोटो, ओळखपत्र, फी वर्षाला १०० रुपये, संपलं. पण तीच विक्री महिन्याला सव्वा लाखावर गेली की वर्षाचे १५ लाख होतात आणि मग स्टेट लायसन्स, म्हणजे फॉर्म बी, किचनचा नकाशा, वर्षाला हजारांत फी, शिवाय ३१ मेपर्यंत रिटर्न. नंबर दोन्हीकडे १४ आकडीच, रजिस्ट्रेशनचा २ ने सुरू होतो, लायसन्सचा १ ने. मी तरी ९-१० लाखांवर पोचले की लायसन्सची कागदपत्रं जमवायला घेईन, डिसेंबरच्या ऑर्डरी काय सांगून येत नाहीत.