इंडिया कोड आणि ई-राजपत्र : माहिती अधिकारावर शोधनिबंध लिहिताना केलेल्या वापराचा अनुभव

गेले काही महिने मी माहिती आयुक्तांच्या स्वायत्ततेवर प्रशासकीय कायद्याच्या अंगाने एक शोधनिबंध लिहितो आहे. या काळात केंद्र सरकारची दोन संकेतस्थळं रोज उघडली. कायदे आजच्या रूपात दाखवणारं indiacode.nic.in आणि राजपत्राच्या मूळ प्रती देणारं egazette.gov.in. दोन्ही फुकट आहेत, दोन्हींना खातं लागत नाही. तळटीप लिहिताना त्यांचा नेमका उपयोग कुठे होतो आणि कुठे थांबतो, हे त्याच वाटेवर असलेल्यांसाठी सांगतो.

आधी माझं मत. कलमात काय बदललं हे शोधायला इंडिया कोड उत्तम आहे. पण दाखला द्यायचा तो राजपत्राचा. कलमाचा आकडा दिला की काम झालं असं अनेक निबंधांत धरलेलं दिसतं. प्रत्यक्षात तारीख जोडल्याशिवाय कलमाला ठरलेला मजकूरच नसतो.

एक साधं विधान घेऊ. ‘मुख्य माहिती आयुक्तांचा कार्यकाळ तीन वर्षांचा असतो.’ याखाली ‘माहितीचा अधिकार अधिनियम, 2005, कलम 13(1)’ एवढीच तळटीप मी छापील निबंधांत वाचली आहे. वाचकाने ते कलम उघडलं तर तिथे तीन हा आकडाच नाही. 2005 साली कलमात ‘पाच वर्षे’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. 2019 च्या सुधारणेने ते शब्द काढले आणि त्या जागी केंद्र सरकार विहित करील तेवढा कार्यकाळ, अशा अर्थाचे शब्द घातले. तीन वर्षं आली ती त्यानंतर केलेल्या नियमांतून, म्हणजे 2019 च्या कार्यकाळ, वेतन आणि सेवाशर्तींच्या नियमांतल्या नियम 3 मधून.

पण वयाची 65 वर्षांची मर्यादा अजूनही कलम 13(1) च्या परंतुकातच आहे, तिला सुधारणेचा हात लागलेला नाही. म्हणजे एकाच वाक्यात ‘तीन वर्षे किंवा वयाची 65 वर्षे’ असं लिहिलं, तर पहिल्या अर्ध्याचा आधार नियम आहे आणि दुसऱ्याचा अधिनियम. माझ्या विषयात हा फरक कळीचा आहे. संसदेने ठरवलेली मुदत बदलायला संसदेत जावं लागतं. सरकारने ठरवलेली मुदत सरकार अधिसूचना काढून बदलू शकतं. ती नंतर कलम 29 खाली संसदेपुढे ठेवायची असते, एवढंच. निबंधाचा सगळा वादच इथे आहे, आणि चुकीची तळटीप तोच पुसून टाकते.

म्हणून माझी तळटीप आता अशी असते : ‘माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 (2005 चा 22), कलम 13(1), 2019 च्या अधिनियम क्रमांक 24 च्या कलम 2 ने सुधारल्याप्रमाणे, 24 ऑक्टोबर 2019 पासून अंमलात’. त्यापुढे नियमांचं पूर्ण नाव, नियमाचा क्रमांक, राजपत्राचा भाग आणि दिनांक. लांब वाटते, पण यातला एकही तुकडा काढता येत नाही. वर्षाशिवाय नुसता क्रमांक तर अजिबात चालत नाही : माहिती अधिकार अधिनियम 2005 चा 22 आहे आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम 2023 चा 22. दुसऱ्याने पहिल्याचं कलम 8(1)(ञ) बदललं आहे, तेव्हा हे दोन बावीस एकाच तळटिपेत शेजारी येतात.

हे सगळं इंडिया कोडवर कसं सापडतं? अधिनियम उघडून कलमावर गेलं की बदललेल्या शब्दांभोवती चौकटी कंस आणि आकडा दिसतो. खाली टीप असते, `Subs. by Act 24 of 2019, s. 2` अशी, आणि शेवटी `w.e.f.` लावून तारीख. या एका ओळीत बदलाचा प्रकार, बदलणारा अधिनियम, त्याचं कलम आणि अंमलाचा दिवस असं सगळं मिळतं. ही टीप न वाचता नुसता मजकूर उचलणं म्हणजे या संकेतस्थळाचा सर्वांत मोलाचा भाग सोडून देणं. बदल शब्दांपुरता आहे की सबंध पोटकलमाचा, हेही तिथेच कळतं. कलम 13 मध्ये दोन्ही प्रकार आहेत : पोटकलम (1) आणि (2) मध्ये फक्त शब्द बदलले, तर वेतनाचं पोटकलम (5) पूर्णच नवं घातलं. त्यामुळे ‘कलम 13 प्रतिस्थापित’ असं सरसकट लिहिणं चूक ठरतं.

मर्यादा अशी की इथे आजचा मजकूर मिळतो, कालचा नाही. आणि प्रशासकीय कायद्यात काल अनेकदा जिवंत असतो. 2019 च्या सुधारणेनेच एक परंतुक घातलं आहे. सुधारणा लागू होण्याआधी नेमलेल्या आयुक्तांना, सुधारणा जणू झालीच नाही असं समजून, जुन्याच तरतुदी लागू राहतील असं ते सांगतं. तेव्हा 2018 मध्ये नेमलेल्या आयुक्तांबद्दल लिहायचं तर पाच वर्षांचा मूळ मजकूरच हवा, आणि तो 2005 च्या राजपत्रात जाऊन घ्यावा लागतो. अशा ठिकाणी मी ‘2019 च्या सुधारणेपूर्वी होते तसे’ असे शब्द तळटिपेतच लिहितो.

कलम 8(1)(ञ) चं उदाहरण याहून बोलकं आहे. वैयक्तिक माहिती नाकारण्याचं हे कलम. पूर्वी त्यात सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर अवाजवी आक्रमण करणारी माहिती असं मोजमाप होतं, व्यापक लोकहितासाठी ती देण्याची सोय होती, आणि संसदेला किंवा विधिमंडळाला जी नाकारता येत नाही ती कुणालाही नाकारता येणार नाही असं परंतुकही होतं. 2023 च्या अधिनियमाच्या कलम 44(3) ने हे सगळं काढून फक्त वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती एवढंच ठेवलं. पण 2023 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली म्हणून बदल त्या दिवशी लागू झाला नाही. तो अंमलात आला नोव्हेंबर 2025 मध्ये, अधिसूचनेने. मधल्या काळात लिहिलेल्या काही लेखांत नवं कलम लागू झाल्यासारखं उद्धृत केलेलं दिसतं. संमतीची तारीख आणि अंमलाची तारीख वेगळ्या रकान्यांत लिहायची सवय असेल तर हे घडत नाही.

याच कलमावरचा गिरीश रामचंद्र देशपांडे हा सर्वोच्च न्यायालयाचा 2012 चा निर्णय, (2013) 1 एस.सी.सी. 212, जुन्या मजकुरावर आहे. तो उद्धृत करताना शेजारी आजचं कलम छापलं तर न्यायालयाने लोकहिताचा विचार कुठून केला हेच वाचकाला कळणार नाही. निर्णयाच्या तळटिपेत कलमाचा त्या दिवशीचा मजकूर कोणता होता हे लिहायलाच हवं.

आता ई-राजपत्र. इथे शोध मंत्रालय, तारीख, भाग यांवरून करता येतो, आणि हे भाग समजून घेण्यात घालवलेला वेळ पुढे वाचतो. अधिनियम भाग 2, खंड 1 मध्ये येतात. नियम भाग 2, खंड 3, उपखंड (i) मध्ये, जी.एस.आर. क्रमांकाने. वैधानिक आदेश आणि अधिसूचना उपखंड (ii) मध्ये, एस.ओ. क्रमांकाने. केंद्राचे माहितीचा अधिकार नियम, 2012 म्हणजे 31 जुलै 2012 चे जी.एस.आर. 603(ई), यातला ‘ई’ असाधारण राजपत्राचा. प्रतीत आधी हिंदी मजकूर असतो, मग इंग्रजी, आणि हिंदी बाजूला हाच क्रमांक सा.का.नि. असा छापलेला असतो. पृष्ठांक देताना कोणत्या भाषेच्या भागाचा आहे हे पाहून घ्यावं.

अलीकडच्या प्रत्येक प्रतीवर `CG-DL-E` ने सुरू होणारा ओळखक्रमांक असतो आणि त्यात प्रकाशनाचा दिवस, महिना, वर्ष गुंफलेलं असतं. अधिसूचनेवरची तारीख आणि ही तारीख कधी कधी वेगळी निघते. ‘राजपत्रात प्रकाशित झाल्याच्या दिनांकापासून’ असं नियमात म्हटलं असेल तर दुसरी तारीख धरायची. दिवसच काय, वेळही महत्त्वाची ठरते हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या जी. एस. चठा राइस मिल्स खटल्यात सांगितलं. 16 फेब्रुवारी 2019 रोजी पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर 200 टक्के सीमाशुल्क लावणारी अधिसूचना ई-राजपत्रावर रात्री 8 वाजून 46 मिनिटे 58 सेकंदांनी चढली. त्याच दिवशी पण त्याआधी ज्यांनी मालाची कागदपत्रं सादर केली होती, त्यांना वाढीव शुल्क लागू होत नाही असा निकाल झाला. दुय्यम विधानावर, म्हणजे अधिनियमाने दिलेल्या अधिकारात केलेल्या नियमांवर आणि अधिसूचनांवर, लिहिणाऱ्याने हा निर्णय जवळ ठेवावा.

राज्याच्या नियमांसाठी मात्र ही दोन संकेतस्थळं मला पुरली नाहीत. 2012 सालीच केंद्राच्या नियमांत अर्जाला साधारण 500 शब्दांची मर्यादा आली आणि महाराष्ट्राच्या 2005 च्या नियमांत दुरुस्ती होऊन 150 शब्दांची. दोन्ही कलम 27 खालचेच, पण करणारं सरकार वेगळं. ‘माहिती अधिकार नियम’ एवढंच लिहिलं तर वाचक भलतीकडे जातो. उच्च न्यायालयाचे नियम तर कलम 28 खाली येतात, कारण तिथे नियम करणारा सक्षम प्राधिकारी आहे. म्हणून नियमाच्या तळटिपेत तो कोणत्या कलमाच्या अधिकारात केला हे मी नेहमी लिहितो. ते अधिसूचनेच्या पहिल्याच वाक्यात दिलेलं असतं.

हे वाक्य नसेल तर आपल्या हातात दुय्यम विधान नाही, असं समजायला हरकत नाही. शासन निर्णय आणि केंद्राची कार्यालयीन ज्ञापनं यांच्या बाबतीत हा घोळ फार होतो. शासन निर्णय हा बहुतेक वेळा कार्यकारी आदेश असतो. त्याला नियमांच्या यादीत बसवलं की अधिकाराबाहेरच्या नियमांचा सगळा युक्तिवादच डळमळतो. त्याचा दाखला विभाग, शासन निर्णय क्रमांक, दिनांक आणि शेवटच्या परिच्छेदातला संगणक संकेतांक असा स्वतंत्र द्यावा.

एक गोष्ट अजून तपासत राहावी लागते. सुधारणा करणारे अधिनियम कालांतराने निरसन अधिनियमाने रद्द केले जातात. यादीत आपला सुधारणा अधिनियम दिसला म्हणजे सुधारणा गेली असं नाही; सर्वसाधारण खंड अधिनियम, 1897 चं कलम 6-क वेगळा हेतू दिसत नसेल तर मूळ कायद्यात झालेला बदल टिकवून धरतं. तिथे तळटिपेत ‘(नंतर निरसित)’ एवढं जोडावं आणि सुधारणेचा दाखला तसाच ठेवावा.

वापरलेल्या प्रत्येक राजपत्राची पीडीएफ मी ओळखक्रमांकाच्या नावाने साठवून ठेवतो आणि तळटिपेत दुव्याऐवजी तोच क्रमांक देतो. इंडिया कोडचा मजकूर उद्धृत करायचाच असेल तर पाहिल्याची तारीख सोबत लिहितो, कारण पुढच्या सुधारणेनंतर त्याच पानावर दुसरा मजकूर असेल.