एक तारा, बिडाचा तवा आणि दोन उत्तरं

समजा, तुम्ही ऑनलाइन बिडाचे तवे विकता. एका ताईंनी एक तारा देऊन लिहिलंय: "पहिल्याच दिवशी डोसा चिकटला, धुऊन ठेवला तर सकाळी गंज. फसवणूक." तुमच्या वर्णनाची चौथी ओळ मात्र अशी आहे: "तवा सीझन केलेला नाही. वापरण्याआधी तेल लावून तापवावा." उत्तराचे दोन मसुदे समोर ठेवू.

पहिला: "वर्णनात स्पष्ट लिहिलं आहे. आधी वाचलं असतं तर ही वेळ आली नसती. कृपया रेटिंग बदला."

दुसरा: "नव्या तव्यावर पहिलाच डोसा चिकटला, वाईट वाटलं. हा तवा आम्ही सीझन न करता पाठवतो, वर्णनाच्या चौथ्या ओळीत तसं दिलं आहे. तवा खराब झालेला नाही. गंज तारेच्या घासणीने काढा, धुऊन गॅसवर कोरडा करा, तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि धूर येईपर्यंत तापवा. थंड झाला की असं आणखी तीनदा करा. तरीही डोसा चिकटला तर कळवा, तवा परत घेऊ."

दोन्हींत बोट त्याच ओळीवर आहे. पण पहिला मसुदा ताईंबद्दल बोलतो, दुसरा तव्याबद्दल. हे उत्तर ताईंपेक्षा जास्त वाचणार तो पुढचा ग्राहक. त्याला एकच जाणून घ्यायचंय: तवा सदोष आहे का, आणि अडचण आली तर हा विक्रेता कसा वागेल? पहिल्या मसुद्यातून त्याला फक्त विक्रेत्याचा राग कळतो. मी दुसराच निवडेन. मात्र परत घ्यायची खरंच तयारी नसेल, तर शेवटचं वाक्य लिहू नका.

"क्षमस्व, मेसेज करा" एवढंच लिहून मोकळं होणारेही बरेच. ते सभ्य दिसतं, पण "फसवणूक" हा शब्द तसाच उभा राहतो.

दुसरा मसुदाही कधी कधी खोटा ठरतो. तुमच्या पहिल्याच फोटोत काळाकुळकुळीत, तेलाने चमकणारा तवा आणि त्यावर सुटलेला डोसा असेल, तर ताईंचं दुर्लक्ष झालं असं म्हणता येणार नाही. फोटोनेच त्यांना तयार तवा दाखवला. अशा वेळी आधी फोटो बदला, ओळ वर आणा, मग उत्तरात लिहा: "फोटोमुळे गैरसमज झाला, तो बदलला आहे." ओळ तक्रारीनंतर घातली असेल, तर ती आधीपासून होती असं चुकूनही म्हणू नका.

राहिला प्रश्न कधी लिहायचं याचा. गूगलवर तुम्ही उत्तर दिल्यानंतरही ग्राहक आपला रिव्ह्यू बदलू शकतो, म्हणून तिथे लगेच लिहावं. एट्सी या ऑनलाइन बाजारावर तुमचं जाहीर उत्तर पडलं की ग्राहकाला रिव्ह्यू बदलता येत नाही. तिथे आधी खासगी मेसेजमधून तवा सीझन करायची रीत पाठवा, ताईंना दोन-चार डोसे घालून बघू द्या, आणि जाहीर उत्तर त्यानंतर लिहा.