पेटीला एक माईक की दोन? भजनी मंडळांसाठी

श्रावण जवळ आला की भजनी मंडळांत हा प्रश्न हमखास निघतो. पेटीचा आवाज कमी पडतो, तेव्हा दुसरा माईक घ्यावा का? मी फोंड्याकडच्या एका मंडळासाठी मिक्सरवर बसतो, आणि दोन्ही मांडण्या पुरेशा वापरल्या आहेत. माझा कल एकाच माईकाकडे आहे. दोन लावणारे चुकतात असं मात्र मी म्हणणार नाही, त्यांचंही कारण खरं आहे.

ते कारण असं. पेटी साधारण 60 सेंटिमीटर रुंद. मधोमध 25 सेंटिमीटरवर एक माईक धरला, तर टोकाच्या पट्ट्या त्याच्यापासून 39 सेंटिमीटरवर जातात आणि सुमारे 4 डेसिबलने हळू ऐकू येतात. मंद्र सुरात रमणाऱ्या पेटीवाल्याला हे जाणवतं. दोन टोकांना दोन माईक दिले की ही तक्रार मिटते, आवाजही भरतो. पहिली पाच मिनिटं तरी सगळे खूश असतात.

माझं मत ठरलं ते एका कटकटीने. मध्य सप्तकातले दोन-तीन सूर बसल्यासारखे वाजत होते, नाकात बोलल्यासारखे. पेटीवाल्याने पेटी उघडून ते सूर काढून पाहिले, पुसले, पुन्हा बसवले. सूर ठणठणीत होते. मग कुणीतरी उजवा माईक चार बोटं सरकवला, आणि बसलेला सूर शेजारच्या पट्टीवर गेला! पेटीत दोष असता तर तो माईकाबरोबर चालत गेला नसता.

हेच कोम्ब फिल्टरिंग. त्या मांडणीत माईक पेटीच्या दोन टोकांवर, 20 सेंटिमीटर उंचीवर होते. सोयीसाठी धरू की आवाज पट्टीखालूनच निघतो. डाव्या टोकापासून 20 सेंटिमीटरवरची एक पट्टी घ्या. डावा माईक तिच्यापासून 28 सेंटिमीटरवर, उजवा 45 वर. फरक साधारण 16 ते 17 सेंटिमीटर, म्हणजे उजव्या माईकात तोच आवाज सुमारे अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचतो. मिक्सरमध्ये दोघांची बेरीज झाली की 1000 हर्ट्झच्या आसपास एकाची लाट चढते तेव्हा दुसऱ्याची उतरते आणि ती जागा खचते. तसंच 3000, 5000 असं विषम पटींत वर. मधल्या 2000, 4000 ला उलट दोन्ही लाटा जुळून आवाज फुगतो. आलेख काढला तर कंगव्याचे दात दिसावेत तसा. दोन माईकांतल्या पातळीत या पट्टीसाठी जेमतेम 4 डेसिबलचा फरक आहे, त्यामुळे खड्डा जवळजवळ 9 डेसिबलचा पडतो.

आता दोन पट्ट्या उजवीकडे सरका. तिथे अंतरांतला फरक 10 सेंटिमीटरच उरतो आणि पहिला खड्डा 1700 च्या वर जातो. म्हणजे प्रत्येक सुराला वेगळा कंगवा. एका सुराचा पोत दुसऱ्याशी जुळत नाही, आणि इक्वलायझर फिरवून काही होत नाही, कारण एका सुरासाठी भरलेला खड्डा शेजारच्या सुरावर गाठ होऊन बसतो. फेज उलटवायचं बटणही पाहिलं. त्याने खड्डे आणि उंचवटे जागा बदलतात, जात नाहीत.

घरी ओळखायचं असेल तर सोपं आहे. पेटीवाल्याला एक सूर धरून ठेवायला सांगा आणि दुसऱ्या माईकाचा फेडर हळूहळू वर न्या. आवाज वाढण्याऐवजी पातळ किंवा पोकळ झाला, तर समजा.

इथे बहुतेक जण तीनास एक हा नियम काढतात: दोन माईकांमधलं अंतर हे माईक ते वाद्य या अंतराच्या निदान तिप्पट हवं. आमचीच मांडणी पाहा, 20 सेंटिमीटरवर माईक, मध्ये 60. नियम पाळलेला, तरी वरचा खड्डा पडलाच. कारण हा नियम दोन वेगवेगळ्या आवाजांना दोन माईक असतात, तेव्हाचा आहे. गायकाच्या माईकात पेटी शिरते, पेटीच्या माईकात गळा शिरतो. ती घुसखोरी इतकी हळू असावी की बेरजेत तिने खड्डे पाडू नयेत, एवढाच त्याचा हेतू. मोकळ्या जागेत अंतर तिप्पट झालं की पातळी साधारण 9.5 डेसिबलने उतरते. मग खड्डा 3.5 डेसिबलच्या आसपास आणि फुगवटा 2.5 च्या आसपास राहतो, तो सहसा कानाला खुपत नाही. एकाच पेटीवर दोन माईक असले की मधल्या पट्ट्या दोघांनाही जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात. तिथे तिप्पट येणार कुठून?

त्यातही हे 9.5 डेसिबल फेडर सारखे असले तरच. पेटीचा माईक दहा डेसिबल वर ढकलला, की गळ्याच्या बाबतीत तुम्ही कमावलेलं सगळं गेलं. भजनात नेमकं हेच होतं, कारण गळ्यापुढे पेटी नेहमी कमी पडते. शिवाय आपले सभामंडप, फरशी आणि चुन्याच्या भिंती. घुमणारा आवाज अंतराबरोबर तितका उतरत नाही, म्हणून तिथे नियमातून कागदावर दिसतं तेवढं हाती लागत नाही.

आपल्याकडे बुवा स्वतःच पेटी वाजवत गातात. गळ्याचा माईक तोंडापासून 15 सेंटिमीटरवर असला तर त्याच्यासाठी 45 सेंटिमीटर पुरतात, पण पेटीचा माईक 25 वर असल्याने त्याला 75 लागतात. बसून गाणाऱ्यासमोर एवढी जागा क्वचितच मिळते, साठ-पासष्ट मिळाले तरी नशीब. उरलेली कसर मी माईकाची पाठ बुवांच्या तोंडाकडे करून भरतो. कार्डिऑइड माईक मागून कमी ऐकतो. एक माईक असा वळवता येतो. दोन असले तर एक तरी गळ्याकडे तोंड करून बसतोच, आणि बुवा ताना घेताना डोकं हलवतात तसे गळ्यातले खड्डेही सरकत राहतात.

वास्कोच्या सप्ताहासारखं चोवीस तास भजन असेल तर आणखी एक गोष्ट. पारी बदलते, नवे बुवा बसतात, कुणी उंच, कुणी पेटी पुढे ओढून घेणारे. एक माईक हाताने सारखा करता येतो. दोन माईकांची जुळणी दर पारीला नव्याने ऐकून करायची, तीही भजन चालू असताना, हे माझ्याच्याने होत नाही. कुणाला जमत असेल तर हरकत नाही.

ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. दोन माईक डाव्या-उजव्या चॅनेलवर वेगळे ठेवले तर बेरीज होतच नाही आणि पेटी छान पसरून ऐकू येते. देवळातले कर्णे मात्र सहसा मोनोच असतात. तिथे दुसरा माईक केवळ आधाराला हवा असेल, तर दोघांची तोंडं एकमेकांना चिकटवून लावा. सेंटिमीटरभर फरक राहिला तरी पहिला खड्डा 17000 हर्ट्झच्या वर जातो, तिथे पेटीचं फारसं काही नसतंच.

पैसे आधीच मंजूर झाले असतील तर दुसरा माईक पखवाजाला द्या. शाई आणि धुमा दोन टोकांना असतात, प्रत्येकापासून 10-12 सेंटिमीटरवर माईक धरला तर मधलं अंतर तिपटीहून बरंच जास्त होतं, आणि दोन्ही बाजू मुळात वेगळ्याच वाजतात.