आंब्याचा एक अख्खा हंगाम गिटऑप्सवर काढला, त्याचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरपासून आम्ही गिटऑप्स वापरतोय. आम्ही म्हणजे रत्नागिरीतली तीन जणांची टीम. हापूसच्या पेट्यांची ऑनलाइन बुकिंग घेणारं पोर्टल आणि पावसजवळच्या पॅकिंग शेडमधली लेबल-वजनाची यंत्रणा, दोन्ही आमच्याकडे. पोर्टल मुंबईतल्या भाड्याच्या सर्व्हरवर k3s, म्हणजे हलक्या कुबरनेटिसच्या क्लस्टरमध्ये चालतं. शेडमध्ये एकच मिनी पीसी आहे आणि त्यावरही k3s. दोन्हीकडे आर्गो सीडी बसवलंय आणि दोघांचा रेपो एकच, फक्त फोल्डर वेगळे. पहिल्या महिन्यात लिहायला घेतलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. मधे हंगाम येऊन गेला, त्यामुळे आता जरा खरं लिहिता येईल.

गिटऑप्स म्हणजे काय हे शेडवरच्या दादांना समजावताना मी त्यांच्या वहीचंच उदाहरण दिलं. शेडमध्ये पेट्या मोजायच्या आणि आकडा वहीत लिहायचा, म्हणजे माल बदलला की वही बदलते. इथे उलटं आहे. वहीत आकडा लिहायचा आणि कोणीतरी जाऊन थप्पीतल्या पेट्या त्या आकड्याएवढ्या करायच्या. ती वही म्हणजे गिट रेपो आणि तो कोणीतरी म्हणजे क्लस्टरच्या आत बसलेला कंट्रोलर, आमच्याकडे आर्गो सीडी. तो रेपोत काय लिहिलंय ते वाचतो, क्लस्टरमध्ये प्रत्यक्ष काय चाललंय ते बघतो, फरक दिसला की मिटवतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. दादा म्हणाले, "म्हणजे कोणी थप्पीतली एक पेटी हळूच उचलली, तर हा परत ठेवणार?" हो, पण तसं सांगून ठेवलं असेल तरच. आर्गोमध्ये ही सोय आपोआप चालू नसते. नुसता ऑटो-सिंक लावला तर नवीन कमिट आपोआप लागू होतो, पण हाताने केलेला बदल फक्त `OutOfSync` म्हणून दिसत राहतो. तो मागे फिरवायचा असेल तर `selfHeal` वेगळं चालू करावं लागतं:

```yaml
syncPolicy:
  automated:
    selfHeal: true
    prune: false
```

`prune` म्हणजे रेपोतून फाइल काढली की क्लस्टरमधली वस्तूही काढून टाकणं. ते आम्ही मुद्दाम बंद ठेवलंय. हंगामात कोणी फोल्डरचं नाव बदललं म्हणून चालू सर्व्हिस उडायला नको.

शेडपुरतं बोलायचं तर या पद्धतीनं मन जिंकलं. आधी आमची सीआय पाइपलाइन रत्नागिरीहून शेडच्या पीसीवर `kubectl apply` ढकलायची. त्यासाठी शेडचं दार बाहेरून उघडं ठेवा आणि क्लस्टरची किल्ली सीआयच्या हवाली करा. एवढं करून ढकलण्याच्या क्षणी इंटरनेटची लाइन नसेल तर जॉब लाल व्हायचा आणि तो पुन्हा चालवायची आठवण कोणालाच राहायची नाही. आता शेडमधला कंट्रोलर स्वतः बाहेर जाऊन रेपो बघून येतो. आमच्या सेटिंगमध्ये साधारण दर 3 मिनिटांनी. वेबहुक लावला तर कमिट होताच कळतं, पण शेडला बाहेरून पोचता येत नाही, म्हणून तिथे 3 मिनिटांवरच भागवतो.

मे महिन्यात वळवाचा पाऊस आला आणि दुपारीच इंटरनेटची लाइन गेली, ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. आर्गोच्या पडद्यावर अ‍ॅप `Unknown` दिसायला लागलं, कारण रेपोशी तुलनाच करता येईना. लेबलं मात्र छापली जात होती. गिट पोचत नाही म्हणून पॉड, म्हणजे क्लस्टरमध्ये चालू असलेले प्रोग्राम, थांबत नाहीत, फक्त नवीन बदल येत नाहीत. संध्याकाळी ऑफिसातून आम्ही लेबलच्या मांडणीचे तीन कमिट केले. सकाळी लाइन आली, कंट्रोलरनं रेपो वाचला आणि नवीन इमेज त्या कुंथत चालणाऱ्या लाइनवरून उतरली. तोवर जुना पॉडच काम करत होता. शेडला कोणी फोनही केला नाही.

यात एक बारीक गोष्ट लक्षात ठेवायची. तीन कमिट साचले होते म्हणून कंट्रोलर एकामागून एक तीन पायऱ्या चढत नाही. तो थेट शेवटच्या कमिटची अवस्था आणतो. लेबलच्या मांडणीला त्यानं काही बिघडत नाही. पण पहिल्या कमिटमध्ये डेटाबेसचा बदल चालवणारा जॉब असेल आणि तिसऱ्यात तो काढून टाकला असेल, तर लाइन नसलेल्या ठिकाणी तो जॉब कधी चाललाच नाही, असं होऊ शकतं.

आता हंगामाची गोष्ट. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी पोर्टल रडायला लागलं. त्या दिवशी मागणी वाढते हे माहीत होतं आणि त्यासाठीच पोर्टलवर एचपीए, म्हणजे लोड बघून पॉडची संख्या कमी-जास्त करणारा कंट्रोलर, लावून ठेवला होता. किमान 2 पॉड, कमाल 8 आणि सीपीयूचं लक्ष्य 60 टक्के. हिशेब साधा असतो: आत्ताचे पॉड गुणिले आत्ताचा वापर भागिले लक्ष्य. वापर 180 टक्क्यांवर गेला होता, म्हणजे 2 × 180 ÷ 60, सहा पॉड हवेत. हे टक्के पॉडनं मागितलेल्या सीपीयूच्या तुलनेत असतात, म्हणून शंभराच्या वर जातात. एचपीएनं सहा केले. तरी पोर्टल हळूच, आणि आलेख करवतीच्या दातांसारखा.

पहिला संशय डेटाबेसवर गेला आणि त्यात वीस मिनिटं वाया गेली. मग सहकाऱ्यानं हे चालवलं:

```
kubectl get events --field-selector reason=ScalingReplicaSet --watch
```

एकाखाली एक ओळी: सहापर्यंत वाढवले, दोनवर आणले, सहापर्यंत वाढवले, दोनवर आणले. दोन मालक एकाच गड्याला दोन्हीकडून हाक मारत होते. एचपीए दर 15 सेकंदांनी लोड बघून सहा म्हणत होता. आमच्या डिप्लॉयमेंटच्या फाइलमध्ये `replicas: 2` लिहिलेलं होतं आणि `selfHeal` चालू. आर्गोच्या दृष्टीनं सहा हा कोणीतरी हाताने केलेला खोडसाळपणा, म्हणून तो काही सेकंदांत परत दोनवर आणायचा. हे काम तो 3 मिनिटांच्या फेरीसाठी थांबवत नाही, कारण क्लस्टरमधल्या बदलांवर त्याची सतत नजर असते. बहुतेक नवीन पॉड तयार होण्याआधीच मारले जात होते आणि जे तयार होऊन कामाला लागले त्यांच्यासोबत काही अर्धवट ऑर्डरीही.

मग ऑक्टोबर ते एप्रिल हे का दिसलं नाही? कारण तोवर लोड एवढा कधी वाढलाच नाही. एचपीएचं किमानही 2 आणि रेपोतही 2. दोघांचं भांडण होतंच, फक्त आकडा एक असल्यामुळे कळत नव्हतं. रेपोतला आकडा आणि एचपीएचं किमान मुद्दाम वेगळं ठेवलं असतं तर पहिल्याच दिवशी उघडकीला आलं असतं.

त्या गडबडीत मी सवयीनं `kubectl scale --replicas=6` मारलं. मागे फिरलं, दुसरं काय होणार! मग रेपोत 2 चे 6 केले, कमिट केलं आणि आर्गोत रिफ्रेश दाबलं. रात्र त्याच्यावर निघाली.

खरा उपाय दुसऱ्या दिवशी केला आणि त्यातही ठेच लागली. उपाय हा, की ज्या रकान्याचा मालक दुसरा कोणी आहे तो रकाना रेपोत लिहायचाच नाही. म्हणून पहाटे `replicas` ची ओळ पुसली आणि कमिट केलं. क्षणात सहाचा एक पॉड झाला! `apply` मागच्या वेळी काय लिहिलं होतं ते डिप्लॉयमेंटवर जपून ठेवतं. मागच्या वेळी ओळ होती, या वेळी नाही, म्हणजे ती काढा असा अर्थ त्यानं लावला. ओळ नसली की कुबरनेटिसचा स्वतःचा आकडा लागतो, तो 1. एचपीएनं थोड्याच वेळात पुन्हा वर नेलं, पण नवे पॉड उठेपर्यंत सगळा भार एकावर होता. पहाट होती म्हणून वाचलो. बरोबर क्रम असा, की आधी त्या अ‍ॅपचा ऑटो-सिंक बंद करायचा, मग जपून ठेवलेल्या नोंदीतून ती ओळ काढायची:

```
kubectl apply edit-last-applied deployment/order-web
```

त्यानंतर रेपोतून ओळ काढायची, सिंक करायचं आणि ऑटो-सिंक परत लावायचा. पॉडच्या संख्येला धक्का लागत नाही.

आर्गोत `ignoreDifferences` नावाचा दुसरा मार्ग आहे. `/spec/replicas` कडे दुर्लक्ष कर असं तिथे सांगता येतं. पण ते मुळात फक्त तुलनेपुरतं असतं. उद्या इमेज बदलली म्हणून सिंक झाला, की फाइलमधले 2 पुन्हा लिहिले जातातच. ते टाळायला सिंकच्या पर्यायांत `RespectIgnoreDifferences=true` लागतं. फाइल आपल्या हातात असेल तर ओळ काढणंच सुटसुटीत वाटतं. हा मार्ग मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या हेल्म चार्टसाठी ठेवलाय.

मागे फिरण्याबद्दल थोडं. ऑटो-सिंक चालू असताना आर्गोच्या पडद्यावरचं रोलबॅक चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. रेपोत नवं लिहिलेलं असताना क्लस्टर जुन्यावर नेला तर वहीला अर्थ काय राहिला? `git revert` करायचं. कोणी, कधी, का बदललं हे सगळं इतिहासात राहतं, आणि त्याचा उपयोग आम्हाला बागायतदारांसमोर बाजू मांडताना दोनदा झाला. पण रिव्हर्टनं जुनी इमेज येते, डेटाबेसमधला पुसलेला रकाना येत नाही. पेट्यांच्या दराचा एक रकाना आम्ही असाच गमावला आणि तो बॅकअपमधून आणावा लागला. तेव्हापासून नवा कोड स्थिरावून आठवडा झाल्याशिवाय डेटाबेसमधलं काही पुसत नाही.

कोणी घ्यावं? एकच सर्व्हर आणि महिन्यात एखादा बदल असेल तर आर्गोचे पाच-सात पॉड सांभाळणं जडच जाईल. आमच्या शेडच्या पीसीवरही मेमरीचा मोठा वाटा तेच खातात. दोन-तीन ठिकाणं असतील आणि त्यातल्या एखाद्याची लाइन पावसाच्या मर्जीवर असेल, तर मी आजही हेच निवडीन. आता जुलै आहे, शेड बंद आहे, आणि पीसी उघडा ठेवून सगळ्या फाइलींतून `replicas` शोधणं चाललंय. एचपीएसोबत नांदणाऱ्या अजून दोन सापडल्या.