स्क्वॉटसाठी बूट: सपाट की उंच टाचेचे?

जिममधला एक मित्र या दोन बुटांत अडकलाय. त्याला म्हटलं, आधी घोटा तपास. अनवाणी, भिंतीसमोर एक गुडघा जमिनीवर टेकायचा, पुढच्या पायाचा अंगठा भिंतीपासून 10 सेंमीवर ठेवायचा आणि टाच न उचलता पुढचा गुडघा भिंतीला लावायचा. सहज लागला तर अडचण बहुधा घोट्यात नाही.

घोटा आखडलेला असेल तर खोल बसताना टाच उचलली जाते किंवा धड पुढे झुकतं. साधारण 20 मिमी उंच टाच असली की गुडघा पुढे जायला जागा मिळते आणि धड सरळ राहतं. फ्रंट स्क्वॉटला याचा फायदा लगेच कळतो. मात्र गुडघ्यावरचा ताण थोडा वाढतो, आणि डेडलिफ्टला हे बूट गैरसोयीचे, कारण बार तेवढाच जास्त वर न्यावा लागतो.

सपाट बूट दोन्हीकडे चालतात आणि बरेच स्वस्त पडतात. पाय रुंद ठेवून, बार खांद्यावर जरा खाली घेऊन बसणाऱ्यांना तेच सोयीचे.

नवख्याला? दोन्ही नकोत. फक्त फोमचे रनिंग शूज काढा. वजनाखाली ते दबतात आणि पाय डुगडुगतो. साधे कॅनव्हासचे बूट पुरेत. रिकामा बार घेऊन टाचांखाली अडीच किलोच्या पातळ प्लेट ठेवून बघा. खोली स्पष्ट वाढली आणि फ्रंट स्क्वॉट नियमित करणार असाल, तर उंच टाच घ्या. स्क्वॉटइतकाच डेडलिफ्ट करत असाल तर सपाटच.